समोरच्याला काय हवंय? : बुद्धिबळातल्या प्रोफिलॅक्सिसची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बुद्धिबळ शिकवण्याचा मान डॉ. झीगबर्ट टाराश यांच्याकडे होता. न्युरेम्बर्गमध्ये वैद्यकी करणारा हा गृहस्थ पटावरही निदान आणि उपचार अशाच थाटात बोलायचा. मोहरी मोकळी हवीत, मध्य ताब्यात हवा, अडचणीच्या स्थितीतच पराभवाचं मूळ असतं, अशी त्याची शिकवण होती. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त तिचा सगळा रोख स्वतःच्या मोहऱ्यांवर होता. माझा घोडा कुठे चांगला, माझा हत्ती कोणत्या पट्टीवर, माझा हल्ला कधी. समोरचा माणूस या हिशेबात शह लागला किंवा मोहरा धोक्यात आला की मगच यायचा.

रीगाला १८८६ मध्ये जन्मलेला आणि पुढे कोपनहेगनला स्थायिक झालेला आरोन निम्झोविच याच शिकवणुकीवर तुटून पडला. १९१३ मध्ये त्याने व्हिएन्नाच्या एका बुद्धिबळ नियतकालिकात टाराशच्या पुस्तकावर टीकालेख लिहिला आणि दोघांचं वैर जगजाहीर झालं. (पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला टाराशने दोन्ही उंटांचा बळी देऊन त्याला हरवलं, त्यामुळे वाद पटावर तरी लगेच मिटला नाही.) निम्झोविचचं म्हणणं १९२५ ते १९२७ दरम्यान ‘माइन सिस्टेम’ या नावाने हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झालं. त्यातलं सगळ्यात धाडसी विधान असं, की स्थितीप्रधान खेळाचा गाभा हल्ल्यात नाही आणि बचावातही नाही. तो प्रोफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे दुखणं उद्भवण्याआधीच बंदोबस्त करण्यात आहे.

हा बंदोबस्त कशाचा, हे मात्र नीट पाहायला हवं. कारण इथेच पुढे बराच गोंधळ झाला. निम्झोविचच्या डोळ्यांसमोर मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या सुटकेच्या चाली होत्या. अडकलेली बाजू एखादं प्यादं पुढे ढकलून पट उघडते आणि एकदम श्वास घेते. ते प्यादं सरकूच द्यायचं नाही, ही एक बाजू. दुसरी बाजू घरातली. मध्यातल्या कळीच्या प्याद्याला गरजेपेक्षा जास्त राखण द्यायची, म्हणजे राखणदारांपैकी एखाद्याला दुसरं काम निघालं तरी प्यादं उघडं पडत नाही. या दुसऱ्या कल्पनेवर आजही एकमत नाही. पहिली मात्र टिकली, आणि ती उचलली निम्झोविचच्या मृत्यूच्या वेळी पाच वर्षांच्या असलेल्या एका मुलाने.

तिबिलिसीत वाढलेल्या तिग्रान पेट्रोस्यानने निम्झोविचच्या डावांचं पुस्तक पोरवयातच जवळपास पाठ केलं होतं. पण तो सिद्धान्त मांडत बसला नाही; त्याने तो खेळण्याचा स्वभाव बनवला. १९५३ मध्ये झ्युरिकच्या आव्हानवीर स्पर्धेत सॅम्युअल रेशेव्स्कीशी झालेला त्याचा डाव बघा. पांढऱ्याची d4 आणि e5 वरची प्यादी शेजारी-शेजारी उभी होती आणि दोन्ही हत्ती त्यांच्या मागे e पट्टीवर. हा सगळा लवाजमा पुढे सरकणार हे कुणालाही दिसत होतं. काळ्याचा c6 वरचा घोडा d5 वर जाऊन बसला की प्यादी जागच्या जागी थिजणार होती. पण घोड्याची वाट e7 वरून होती आणि तिथे काळ्याचाच हत्ती उभा होता. पेट्रोस्यानने तो हत्ती पुढच्याच घरात, e6 वर नेऊन ठेवला, थेट पांढऱ्या उंटाच्या तोंडी. उंटाने तो घेतला तेव्हा काळ्याच्या प्याद्याने e6 वर परत मारलं. त्यामुळे e5 चं प्यादं बंद झालं, d5 वर नजर ठेवू शकणारा पांढऱ्याचा उंट पटावरून गेला आणि घोडा d5 वर असा बसला की त्याला हुसकायला पांढऱ्याकडे प्यादंही उरलं नाही. उंटाच्या बदल्यात हत्ती गेला, पण पांढऱ्याला जे करायचं होतं ते राहूनच गेलं. पुढे रेशेव्स्कीलाही तेवढंच परत द्यावं लागलं आणि डाव ४१ चालींत बरोबरीत सुटला.

पेट्रोस्यान १९६३ ते १९६९ जगज्जेता होता. त्याआधी १९६२ मध्ये कुरासावच्या आव्हानवीर स्पर्धेत तो २७ डाव खेळला. त्यांतले ८ जिंकले, १९ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. प्रेक्षकांना हे रुक्ष वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच डाव आजही रुक्षच वाटतात. समोरच्याला काही करू न देणं म्हणजे दोघांनीही काही न करणं, असा समज त्यातूनच पसरला.

तो समज पुसला अनातोली कार्पोवने. १९७४ च्या नीस ऑलिम्पियाडमध्ये २३ वर्षांचा कार्पोव पश्चिम जर्मनीच्या वोल्फगांग उन्झिकरशी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळला. उन्झिकर व्यवसायाने न्यायाधीश आणि स्पॅनिश ओपनिंगचा पक्का जाणकार. त्या दिवशी ओपनिंगही तेच होतं. मध्य बंद झाला होता, पांढऱ्याचं प्यादं d5 वर होतं, आणि काळ्याची मोहरी मागच्या तीन ओळींत दाटीवाटीने उभी होती. पटावर पूर्ण उघडी पट्टी एकच, a ची.

आता काळ्याच्या खुर्चीत बसून बघा. जागा कमी, मोहरी जास्त. अशा वेळी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोहऱ्यांची देवघेव. प्रत्येक जोडी कमी झाली की उरलेल्यांना हलायला जागा होते. उघड्या पट्टीवर हत्ती समोरासमोर आहेतच, a8 वर काळा आणि a2 वर पांढरा, आणि काळ्याचा दुसरा हत्ती c8 वरून कधीही मदतीला येऊ शकतो. २३व्या चालीला उन्झिकरने वजीर d8 वर आणून a8 ला आणखी एक राखणदार दिला. त्याचा बेत साधा होता: हत्तीने हत्ती मारायचा, दुसरा हत्ती a8 वर आणायचा, पट्टी निदान बरोबरीत आणायची. पांढऱ्याची अडचण ही, की e1 वरचा त्याचा दुसरा हत्ती a1 वर पोचू शकत नव्हता. मध्ये b1 वर त्याचाच उंट होता. म्हणजे पट्टीची चढाओढ लगेच सुरू झाली तर एक पाऊल मागे पांढरा होता.

कार्पोवने २४व्या चालीला e3 वरचा उंट उचलून थेट a7 वर, काळ्या हत्तीच्या नाकासमोर ठेवला. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चाल विचित्र वाटते. इतका चांगला उंट प्रतिस्पर्ध्याच्या घरात कोपऱ्यात, आणि स्वतःचीच पट्टी बंद! पण उंटाला a2 वरून राखण आहे. काळ्याने तो हत्तीने मारला तर उंटाच्या बदल्यात हत्ती जातो. आणि उंट तिथे असेपर्यंत हत्तींची देवघेव होऊच शकत नाही. काळ्याला जी एकच गोष्ट हवी होती ती अशी संपली.

आता घाई फक्त काळ्याला होती. कार्पोवने b1 वरचा उंट c2 वर सरकवला, e1 चा हत्ती निवांत a1 वर आणला, उंट परत b1 वर नेला. a7 चा उंट मनाला येईल तेव्हा बाजूला करून पट्टी उघडायची मुभा पांढऱ्याला होती, आणि त्या क्षणासाठी काळ्याच्या दोन्ही हत्तींना सतत हजर राहणं भाग होतं. तोवर पांढरा पटाच्या दुसऱ्या टोकाला, राजाच्या बाजूला गेला: f चं प्यादं f5 पर्यंत पोचलं, c2 चा उंट h5 वर गेला आणि पांढऱ्या घरांच्या उंटांची अदलाबदल झाली, मग वजीर h5 वरून g6 वर आणि घोडा h5 वर. ४४व्या चालीला उन्झिकरने डाव सोडला. डावाची नोंद शेवटून वाचत गेलात तर दिसेल, २४व्या चालीनंतर काळ्याचे a8 आणि c8 वरचे हत्ती एकदाही हललेले नाहीत. a7 चा उंटही नाही. पट्टी शेवटपर्यंत उघडलीच नाही, कारण उघडायची गरजच पडली नाही.

कार्पोवला हे उपजत जमायचं. इतरांना ते शिकवता येईल का, हा प्रश्न मॉस्कोचे प्रशिक्षक मार्क ड्वोरेत्स्की (१९४७–२०१६) यांनी हाती घेतला. निम्झोविचने प्रोफिलॅक्टिक चालींबद्दल लिहिलं होतं. ड्वोरेत्स्कींनी भर दिला तो प्रोफिलॅक्टिक विचारावर. त्यांचा सराव ऐकायला अगदी साधा आहे. स्वतःची चाल शोधण्याआधी धरून चालायचं की चाल समोरच्याची आहे. मग तो काय खेळेल? निव्वळ धमकी नव्हे. त्याच्या मोहऱ्यांची दाटी, त्याचा बेत, त्याला सगळ्यात जास्त सुटसुटीत करणारी चाल. त्यांच्या शिष्यांपैकी वालेरी चेखोव (१९७५), आर्तुर युसुपोव (१९७७) आणि सेर्गेई डोल्मातोव (१९७८) हे तिघं ज्युनिअर जगज्जेते झाले.

यात एक बारकावा क्लबच्या पातळीवर हमखास सुटतो. प्रश्न विचारला म्हणजे उत्तर अडवायलाच हवं असं नाही. समोरच्याची मनातली चाल सापडल्यावर तपासायचं, की ती खेळू दिली तर खरंच काही बिघडतं का. पुष्कळदा बिघडत नाही. कधी कधी ती त्यालाच अंगलट येते, मग तर ती खुशाल खेळू द्यावी. अडवायचं तेव्हाच, जेव्हा त्या एका चालीने त्याची स्थिती मोकळी होते आणि ती अडवायला आपल्याला जवळपास काही मोजावं लागत नाही. उन्झिकरच्या डावात या दोन्ही गोष्टी होत्या. कार्पोवचा उंट e3 वर असताना तसाही काही मोठं काम करत नव्हता.

उलट उदाहरण कुठल्याही स्थानिक स्पर्धेत बघायला मिळतं. काळा उंट g4 वर येऊन घोड्याला जखडेल या धास्तीने सहाव्या-सातव्या चालीलाच h3. उंटाला तिथे यायचंय का, आला तर त्याला परत हाकलता येईल का, काहीच विचारलेलं नसतं. हाताला सवय झालेली असते. मग काळ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला की तेच h3 चं प्यादं हल्ल्याला आयती खुंटी ठरतं: काळ्याचं g प्यादं g4 पर्यंत येऊन त्याला भिडतं आणि राजासमोरची पट्टी उघडते. दिसायला दोन्ही चाली समोरच्याचं काहीतरी अडवणाऱ्या. पण h3 मागे भीती आहे आणि a7 मागे प्रश्न. नोंदवहीत हा फरक दिसत नाही; खेळाडूला विचारावं लागतं, की ही चाल नसती खेळली तर काळा नेमकं काय खेळला असता. ज्याला ठरावीक चाल सांगता येते त्याने प्रोफिलॅक्सिस केलं. ज्याला ‘काहीतरी झालं असतं’ एवढंच सांगता येतं, त्याने एक चाल वाया घालवली.