लायफो रिझर्व्ह

फिफो पद्धतीने मोजलेला मालसाठा आणि लायफो पद्धतीने मोजलेला तोच मालसाठा यांच्या किमतींतील फरकाला लायफो रिझर्व्ह म्हणतात. फिफोत आधी आलेला माल आधी विकला असे धरतात, तर लायफोत शेवटी आलेला. भाव चढत असताना लायफोच्या हिशेबात महागडी खरेदी खर्चात जाते आणि जुनी, स्वस्त खरेदी साठ्यात पडून राहते, म्हणून हा फरक वर्षागणिक वाढत जातो. रिझर्व्ह म्हणून बाजूला काढलेली रक्कम मात्र कुठेच नसते. हे फक्त साठ्याची किंमत कमी करून दाखवणारे खाते आहे.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकेची. तिथे प्राप्तिकरासाठी लायफो वापरणाऱ्या कंपनीला भागधारकांपुढेही लायफोनेच नफा मांडावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएएस २ मधून २००३ च्या सुधारणेत लायफो वगळली गेली, आणि भारतातील एएस २ व इंड एएस २ यांतही तिला जागा नाही. अमेरिकेतील बऱ्याच कंपन्या रोजचे हिशेब फिफोने किंवा प्रमाणित खर्चाने ठेवतात आणि वर्षअखेरीस एका नोंदीने लायफोवर येतात: विकलेल्या मालाचा खर्च नावे, लायफो रिझर्व्ह जमा. रक्कम असते ती रिझर्व्हमधील त्या वर्षाच्या वाढीएवढी.

पोलाद विकणाऱ्या एका काल्पनिक अमेरिकी कंपनीचे उदाहरण घेऊ. सर्व आकडे लाख डॉलरमध्ये आहेत. फिफोप्रमाणे सुरुवातीचा साठा १२०, खरेदी ४०० आणि अखेरचा साठा १४० आहे, म्हणजे विकलेल्या मालाचा खर्च ३८०. विक्री ५०० आणि इतर खर्च ७० असल्याने करपूर्व नफा ५० होतो. रिझर्व्ह वर्षाच्या सुरुवातीला ४० होता, अखेरीस ६० झाला. या वर्षी वाढ २० ची, म्हणून लायफोने खर्च ४०० होतो आणि करपूर्व नफा ३० वर येतो. २१ टक्के संघीय कर धरल्यास निव्वळ नफा ३९.५ वरून २३.७ होतो. ढोबळ नफा विक्रीच्या २४ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे नफ्यातून पूर्ण ६० वजा करणे. आधीचे ४० मागच्या वर्षांच्या नफ्यातून कधीच गेलेले असतात. नफा-तोट्यात फक्त वर्षभरातील बदल धरायचा आणि ताळेबंदात पूर्ण शिल्लक. पडताळा सोपा आहे. लायफोचा सुरुवातीचा साठा १२० वजा ४० म्हणजे ८०, आणि अखेरचा १४० वजा ६० म्हणजे पुन्हा ८०. ८० मध्ये खरेदीचे ४०० मिळवून ८० वजा केले की ४०० च उरतात. खरेदी दोन्ही पद्धतींत सारखीच असते, म्हणून हे गणित जुळले नाही तर रिझर्व्ह चुकीच्या ठिकाणी धरला गेला आहे, असे समजावे.

चालू गुणोत्तरावर परिणाम होतो तो शिल्लक रिझर्व्हचा. रोकड आणि येणे मिळून १००, फिफो साठा १४० आणि चालू देणी १२० असतील, तर गुणोत्तर २ येते. ६० वजा केले की चालू मालमत्ता १८० उरते आणि गुणोत्तर १.५ होते. मात्र ही कंपनी सुरुवातीपासून लायफोवर असती, तर तिने कर कमी भरला असता. ६० चे २१ टक्के, म्हणजे १२.६, तिच्या रोकडीत राहिले असते (कराचा दर सगळी वर्षे तोच धरून), आणि गुणोत्तर १.६ च्या आसपास आले असते. बहुतेक सोडवलेल्या उदाहरणांत ही पायरी गाळलेली असते, त्यामुळे लायफो कंपनीची तरलता उगाच जास्त दुबळी दिसते. प्रत्यक्षात तिच्या गोदामात माल तेवढाच असतो आणि तिच्या हातात रोख थोडी जास्त असते.

रिझर्व्ह कमी झाला तर बदलाचे चिन्ह उलटते आणि लायफोचा नफा फिफोपेक्षा जास्त दिसतो. याची कारणे दोन असू शकतात: भाव उतरले, किंवा कंपनीने साठा इतका खाली नेला की जुन्या काळातील स्वस्त थर खर्चात आले. दुसऱ्या कारणाने आलेला नफा पुढच्या वर्षी टिकत नाही. दोन्हींतला फरक रिझर्व्हच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी साठ्याचे नगसंख्येतील किंवा वजनातील प्रमाण पाहावे आणि हिशेबाच्या टिपांत जुने थर संपल्याचा उल्लेख आहे का, ते शोधावे.

रिझर्व्हचा आकडा लायफो कंपन्याच जाहीर करतात. निव्वळ फिफो वापरणाऱ्या कंपनीच्या अहवालात तो सापडत नाही. अशा कंपनीचा नफा लायफोच्या जवळ आणायचा असेल, तर सुरुवातीच्या साठ्याला त्या मालाच्या वर्षभरातील भाववाढीच्या टक्क्याने गुणून येणारी रक्कम खर्चात मिळवतात. हा अंदाज नफ्यापुरता चालतो. चालू गुणोत्तरासाठी अनेक वर्षांचा साचलेला फरक लागतो आणि तो एका वर्षाच्या भाववाढीतून काढता येत नाही. म्हणून बाहेरचा विश्लेषक शक्यतो लायफो कंपनीलाच तिचा रिझर्व्ह मिळवून फिफोवर आणतो आणि मग दोन कंपन्यांची तुलना करतो.