होम लोन दुसऱ्या बँकेत नेण्याआधी जुन्याच कंपनीला विचारा

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या माझ्या आतेभावाचं होम लोन एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं. शिल्लक २४ लाख, उरलेली मुदत १२ वर्षं, फ्लोटिंग दर ९.२५ टक्के, हप्ता २७,६५२ रुपये. एका बँकेने ८ टक्के सांगितले. म्हणजे हप्ता २५,९७९ आणि महिन्याला १,६७३ रुपयांची बचत. बारा वर्षांचे दोन लाख चाळीस हजार होतात, असं तो आनंदाने सांगत आला.

एवढा फरक पडतो कसा? बँकांना ऑक्टोबर २०१९पासून नवी फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्या रेपोशी, जोडावी लागतात. २०२५मध्ये रेपो ६.५०वरून ५.२५वर आला, तसे तिथले दरही उतरले. फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही. त्या स्वतःचा मूळ दर ठरवतात आणि जुन्या गिऱ्हाइकाला आपणहून क्वचितच सूट देतात.

फ्लोटिंग लोन घरासाठी वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. खर्च नव्या बाजूला असतो. त्याला मिळालेले आकडे असे : प्रोसेसिंग फी पाव टक्का, म्हणजे ६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८०. वकील आणि मूल्यांकन ६,०००. गहाणाच्या नोंदीचं स्टॅम्प वगैरे ९,०००. किरकोळ १,०००. शिवाय नव्या बँकेचा चेक निघून जुन्या खात्यात जमा होईपर्यंत दोन्हीकडे व्याज चालू राहतं. रोजचे ६०८ रुपये, सहा दिवस धरले तर ३,६५०. हा खर्च कोणीच सांगत नाही. एकूण २६,७३०, म्हणजे सोळा महिन्यांत वसूल.

इथपर्यंत सगळं ठीक. पण मी त्याला जुन्या कंपनीकडे कन्व्हर्जनचा अर्ज द्यायला लावला. कन्व्हर्जन म्हणजे तेच लोन, तीच कंपनी, फक्त फी भरून दर कमी करून घेणं. त्यांनी ८.३५ टक्के दिले, फी जीएसटीसह ५,९००. हप्ता २६,४४२. आता खरी तुलना ९.२५ आणि ८ची राहत नाही, ती ८.३५ आणि ८ची होते. बँकेत गेलं तर महिन्याला ४६३ रुपयेच जास्त वाचतात आणि त्यासाठी २०,८३० रुपये जास्त मोजावे लागतात. ते वसूल व्हायला ४५ महिने. त्याला चार वर्षांत निवृत्तीच्या पैशातून लोन फेडायचं होतं, म्हणून तो कन्व्हर्जनवर थांबला. पुरी बारा वर्षं हप्ते भरणाऱ्याने मात्र बँकेत जावं, त्याच्या हाती सुमारे ४५ हजार जास्त राहतात.

एक सापळा पाहा. बँकेचा माणूस म्हणाला, ‘‘मुदत वीस वर्षं करू, हप्ता २०,०७४वर येईल.’’ ऐकायला गोड, पण पुढचं व्याज १५.८ लाखांवरून २४.२ लाखांवर जातं, तेही दर कमी होऊन! मुदत उरलेली तेवढीच ठेवा. विमा गळ्यात मारत असतील तर तो खर्चही धरून बघा.

न्यायचंच ठरलं, तर साधारण वर्षभराचे हप्ते न चुकता भरलेले असावेत आणि सीबिल ७५०च्या आसपास किंवा वर असावा. नोकरीवाल्यांना तीन महिन्यांच्या पगार स्लिपा, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट लागतं, धंदेवाल्यांना दोन-तीन वर्षांचे रिटर्न. घराची रजिस्ट्री, मंजूर नक्शा आणि संपत्तिकराची रसीद जोडा. प्लॉट प्राधिकरणाचा लीजवरचा असेल तर लीज डीड आधीच वकिलाला दाखवा, गहाणासाठी ना-हरकत लागत असेल तर वेळ तिथेच जातो.

जुन्या कंपनीकडून तीन कागद मागायचे : लोनचं स्टेटमेंट, लोन पुरं फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं फोरक्लोजर लेटर आणि त्यांच्याकडे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी, जिला एलओडी म्हणतात. फोरक्लोजर लेटरला तारखेची मुदत असते. ती उलटली की रक्कम बदलते आणि चेक कमी पडतो. मंजुरीनंतर नवी बँक जुन्या कंपनीच्या नावाने चेक देते.

रक्कम भरल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद तुमच्या समोर एलओडीशी एकेक पान जुळवून घ्या, जुन्या रजिस्ट्रीची साखळी त्यातच असते. सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतून जुना बोजा उतरल्याचं बघा, आणि खात्यातला जुन्या हप्त्याचा ऑटो डेबिट बंद करून घ्या, नाहीतर पुढच्या पाच तारखेला दोन्ही हप्ते कापले जातात.