टाकी फुल केल्याशिवाय ॲव्हरेज कळत नाही

दुचाकीची नोंद ठेवणारी ॲप, म्हणजे फ्युएलिओ, ड्रायव्हो वगैरे, पेट्रोल भरताना तीन गोष्टी विचारतात: मीटरवरचे किलोमीटर, लिटर आणि टाकी फुल केली का. पहिल्या दोन आपण भरतो. तिसऱ्या खुणेकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

समजा, १८,२४० किलोमीटरला टाकी फुल केली. १८,४२० ला घाईत दोनशेचं पेट्रोल टाकलं. १०४ रुपये भावाने ते १.९२ लिटर भरलं. मग १८,५६० ला पुन्हा फुल, ४.४८ लिटर. दोनशेच्या वेळीही 'फुल'ची खूण राहिली, तर ॲप आधी १८० भागिले १.९२ करून ९४ चं ॲव्हरेज दाखवेल आणि पुढच्या वेळी १४० भागिले ४.४८ करून ३१ चं. गाडीला काहीही झालेलं नसतं. टाकीत किती शिल्लक होतं हे ॲपला दिसत नाही, म्हणून हिशेब फुल ते फुल असाच करावा लागतो: ३२० किलोमीटर, ६.४ लिटर, ॲव्हरेज ५०.

हे ५० सुद्धा थोडं हलतं. पंपावरचा माणूस डोळ्यांनी बघून 'फुल' म्हणतो आणि गाडी साइड स्टँडवर असेल तर पेट्रोलची पातळी तिरकी असते. पाव लिटर इकडेतिकडे झालं की हाच आकडा ४८ ते ५२ मध्ये कुठेही येतो. त्यामुळे एका खेपेच्या आकड्यावरून मेकॅनिककडे धावू नये. सलग चार खेपांचं एकत्र ॲव्हरेज काढलं की मधल्या चुका एकमेकींत जिरतात. तेच ४५ वर आलं, तर आधी टायरमधली हवा बघावी. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावं. अडखळलं तर ब्रेक घासतोय. एअर फिल्टर आणि चेन त्यानंतर.

ॲव्हरेजवरून ऑइलची अवस्था मात्र कळत नाही. त्यासाठी रिमाइंडर हवा, आणि तो किलोमीटर व महिने असा दोन्ही लावावा, जे आधी येईल ते. भाजी आणि शाळा एवढंच फिरणाऱ्या स्कूटरचे किलोमीटर वर्षभरात भरत नाहीत, पण दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापत नाही. पेट्रोल जळताना होणारी वाफ आत थंडावते आणि तिचं पाणी ऑइलमध्ये उतरतं. आकडे गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावेत. ॲपमध्ये आधीपासून असलेले आकडे कुणाच्या तरी कारचे असू शकतात.

किलोमीटरचा रिमाइंडर मीटरच्या शेवटच्या नोंदीवर चालतो. दोन महिने नोंद केली नाही, तर ॲपच्या लेखी गाडी दोन महिने दारातच उभी आहे.