तांबडा रस्सा सबसिडीत का बसत नव्हता? PMEGP च्या अटी कुठनं आल्या त्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुणाला विचारलं की बाबा लोन मिळालं तर काय टाकशील, तर दहातले चारजण तरी मटणाचं हॉटेल म्हणतील. आणि बरीच वर्षं नेमका हाच धंदा PMEGP मध्ये, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जाला सबसिडी देणाऱ्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, बसत नव्हता. योजनेची एक निगेटिव्ह लिस्ट, म्हणजे न चालणाऱ्या धंद्यांची यादी आहे, तिच्यात मांसावर प्रक्रिया करणं आणि मांसाचे पदार्थ वाढणं हे सरळ लिहिलेलं होतं, बिडी-तंबाखू आणि दारू मिळणारं हॉटेल-धाबा यांच्या शेजारीच. लोक बँकेवर चिडायचे, पण बँकेचा त्यात काही संबंध नव्हता.

ही लिस्ट कुठनं आली हे बघायला थोडं मागं जावं लागतं. 1993 च्या 2 ऑक्टोबरला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली, सुशिक्षित बेरोजगारांसाठी. वयाची अट, घरच्या उत्पन्नाची अट, आठवी पास, आणि रक्कम लहान, एक-दोन लाखाच्या आसपास. दुकानदारीपण त्यात चालायची, त्यामुळं किराणा, एसटीडी बूथ, झेरॉक्स असल्या अर्जांना तोटा नव्हता. दुसरीकडं 1995 पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण रोजगार निर्मिती योजना चालू होती, ती फक्त खेड्यातल्या उद्योगांसाठी, प्रोजेक्ट 25 लाखापर्यंत आणि पैसे मार्जिन मनीच्या, म्हणजे सबसिडीच्या रूपानं. 2008 मध्ये दोन्ही एकत्र करून PMEGP केली आणि देशपातळीवरची जबाबदारी खादी आयोगाकडं दिली. खादीचं घराणं गांधीविचाराचं, तिथं मटण, दारू, तंबाखू कशी चालणार? माझ्या मते निगेटिव्ह लिस्टचा निम्मा भाग एवढ्यावरच समजतो. बाकी निम्मा म्हणजे शेती-बागायत, कारण त्याला शेतीकर्जाच्या वेगळ्या योजना आहेत, आणि पातळ प्लास्टिकच्या पिशव्या.

2022 ला योजना 2025-26 पर्यंत वाढवली तेव्हाच्या सुधारणांत हॉटेल-धाब्यात नॉनव्हेज वाढायला परवानगी मिळाली. म्हणजे आता तांबडा-पांढरा चालतो, पण दारू ठेवली की बाद. तेव्हाच प्रोजेक्टची मर्यादापण वाढली, उत्पादनाला 25 चे 50 लाख आणि सेवेला 10 चे 20 लाख. हॉटेल सेवेत धरतात हे लक्षात ठेवा, म्हणजे 20 च्या वर उडी मारून उपयोग नाही.

आता खरी गंमत गावाची. जुन्या नियमात महसूल नोंदीत गाव असलेला भाग, आणि शहर असलं तरी वीस हजारापर्यंत लोकसंख्येचं, ते ग्रामीण असं माप होतं. पाचगाव, उचगाव असली गावं शहराला इतकी चिकटलीत की नवीन माणसाला हद्द कुठं संपली कळत नाही, वस्तीपण भरमसाट वाढलेली, त्यामुळं ती ग्रामीण धरायची का शहरी हा प्रश्न पडायचा. 2022 च्या सुधारणेनंतर पंचायतीखालचा भाग तो ग्रामीण आणि महापालिका-नगरपालिकेचा तो शहरी, लोकसंख्या कितीपण असूदे. यानं पैशात किती फरक पडतो ते बघा.

समजा कुणाला गूळ पावडरचं युनिट टाकायचंय, बाजारातनं ढेपा घ्यायच्या, फोडून वाळवायच्या, दळून चाळून पॅकिंग करायचं. मशिनरी, शेड आणि खेळतं भांडवल धरून प्रोजेक्ट 16 लाखाचा. ओपन कॅटेगरीतला पुरुष शहरात राजारामपुरीत युनिट टाकत असेल तर सबसिडी 15 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार. तेच युनिट पाचगावात टाकलं तर 25 टक्के, 4 लाख. आणि पाचगावातच अर्ज त्याच्या बायकोच्या नावानं असेल तर बाई विशेष प्रवर्गात येते, 35 टक्के, 5 लाख 60 हजार. स्वतःचा हिस्सापण 10 टक्क्यांवरनं 5 वर येतो, 1 लाख 60 हजाराच्या जागी 80 हजार. पण धंदा खरंच तिनं चालवायचा असेल तरच हे करा, कारण कर्ज तिच्या डोक्यावर बसणार, आणि नवरा-बायको मिळून एकालाच लाभ मिळतो, दोघांचे दोन अर्ज चालत नाहीत. उत्पादनात प्रोजेक्ट 10 लाखाच्या वर गेला की आठवी पासची अट लागते, तेवढा दाखला आधीच शोधून ठेवा. (आसपासची गावं शहरात घ्यायच्या हद्दवाढीच्या भांडणात घरफाळ्यावर सगळे बोलतात, सबसिडीच्या टक्क्यावर कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही.)

जमिनीची किंमत प्रोजेक्टमध्ये धरत नाहीत, शेडची धरतात. त्यामुळं प्लॉट घेण्यासाठी म्हणून ही योजना बघत असाल तर सोडून द्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते 'नवीन युनिट' या अटीवर. ही योजना नव्या धंद्यासाठीच. करवीर नाहीतर पन्हाळा तालुक्यात घरचं गुऱ्हाळ पिढ्यानपिढ्या चालू आहे, पोरगं शिकून आलं आणि त्याला तिथंच पावडरची मशिनरी बसवायचीय, तर अर्ज करताना तो बिनधास्त जुनं गुऱ्हाळ दाखवतो, वर अनुभव म्हणून मिरवतो. मग पाहणीला आलेला माणूस जुनं लाईट बिल, जुनं उद्यम रजिस्ट्रेशन बघतो आणि चालू युनिट म्हणून शेरा मारतो. असल्या घराला 2020 ला आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, PMFME, जास्त जुळते. ती मुळात चालू युनिट सुधारायलाच काढलेली, खर्चाच्या 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख सबसिडी, आणि एक जिल्हा एक उत्पादन मध्ये कोल्हापूरच्या नावावर गूळच आहे. म्हणजे माल तोच, मशिन तेच, फक्त धंदा चालू आहे का नवा यावर योजना बदलते. मुद्रा यात मोजू नका, 2015 पासूनची ती योजना तारण न घेता कर्ज देते, सबसिडी देत नाही.

सबसिडी हातात पडत नाही हेपण जुन्या अनुभवावरनं आलेलं. पूर्वीच्या कर्जयोजनांत पैसे उचलून दुकानाला कुलूप लावल्याचे किस्से बाजारात भरपूर. आता 16 लाखाच्या उदाहरणात बाईंना बँक 15 लाख 20 हजार कर्ज देते, आलेले 5 लाख 60 हजार त्यांच्या नावानं तीन वर्षं ठेवीत अडकवते, त्या ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावरपण व्याज नाही. तीन वर्षांनी पाहणीत युनिट चालू दिसलं की ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणून सबसिडीवर मशिनरीवाल्याचं बिल भागवू असा हिशोब मांडू नका. खेळतं भांडवलपण फुगवून लिहू नका, कारण त्यासाठी मिळालेली कॅश क्रेडिटची लिमिट तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसावी लागते आणि वापर 75 टक्क्यांच्या खाली राहून चालत नाही, नाहीतर तेवढ्या प्रमाणात सबसिडी परत जाते. गुळाचा सीझन दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो, ढेपा स्वस्त असताना एकदम भरून ठेवल्या तर लिमिट आपोआप वापरली जाते. मसाला कांडप असलं जॉबवर्क असेल तर माल गिऱ्हाईकाचाच असतो, त्याला खेळतं भांडवल लागतंच किती? तिथं मशिनरीचा आकडा मोठा आणि भांडवलाचा लहान ठेवलेला बरा.