नंबर बरोबर, तरी बूट का लागतो? इनसोल आणि जाड मोज्यांचा हिशेब

टाचदुखीसाठी किंवा सपाट पायांसाठी डॉक्टरांनी इनसोल दिला, तो नेहमीच्या बुटात घातला आणि दोन दिवसांत पावलाच्या वरच्या बाजूला, लेस बांधतो तिथे, कळ यायला लागली. ही तक्रार फार जणांची असते. मग आपण दुकानात जाऊन एक नंबर मोठा बूट मागतो. तो पुढे सैल पडतो, चालताना टाच मागून निसटते, आणि वरचा दाब मात्र थोडासाच कमी होतो. असं होतं, कारण बुटाचा नंबर मुख्यतः लांबीचा असतो आणि इनसोल लांबीला फारसा हात लावत नाही. तो उंची खातो.

खोलीत भराव घालून फरशी वर घेतली की खोलीची लांबी तेवढीच राहते, पण छत डोक्याशी येतं. बुटात तेच होतं. शिवाय बुटाचं छत सपाट नसतं, ते बोटांकडे उतरत जातं. त्यामुळे पाऊल जरा जरी वर उचललं गेलं, तरी अंगठ्याचं नख बुटाच्या वरच्या कातड्याला आधीच टेकतं आणि बूट आखूड झाल्यासारखा वाटतो. टाचेकडे उलट घडतं. टाच वर आली की तिला मागून धरणारी बुटाची कडक भिंत तेवढी ठेंगणी पडते आणि टाच सुटायला लागते.

मोज्याचं गणित वेगळं आहे, कारण मोजा पावलाला चहूबाजूंनी गुंडाळलेला असतो. मोजा दीड मिलिमीटरने जाड झाला, तर लांबी वाढते टाचेकडून दीड आणि बोटांकडून दीड, म्हणजे फक्त ३ मिलिमीटर. घेर मात्र जाडीच्या साधारण सव्वासहा पट (दोन गुणिले π) वाढतो, म्हणजे ९ मिलिमीटरहून अधिक. इनसोल खालूनच भर घालतो, त्यामुळे बुटाच्या डाव्या-उजव्या भिंतींची उंची तेवढीच कमी होते. २ मिलिमीटर भर पडली की चवड्याभोवतीचा घेर सुमारे ४ मिलिमीटरने आटतो.

आता हे नंबरांशी ताडून पाहू. आपल्याकडे बहुतेक दुकानांत ब्रिटिश नंबर चालतात. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर लांबी. त्याबरोबर चवड्याचा घेर साधारण ६ मिलिमीटरने वाढतो. युरोपीय नंबरात पायरी लहान असते, सुमारे पावणेसात मिलिमीटरची.

समजा, एका बाईंना सात नंबरचा बूट पातळ सुती मोज्यावर नीट बसतो. त्या हिमालयात ट्रेकला निघाल्या आहेत, जाड लोकरी मोजे घेतलेत आणि टाचदुखीसाठी पूर्ण लांबीचा इनसोलही आहे. बुटातली मूळ गादी काढून टाकली, तर चवड्याखाली २ मिलिमीटर भर उरते. मोज्यांमधला फरक, वजनाखाली दबल्यावर, दीड मिलिमीटर आहे. म्हणजे जागा हवी ती लांबीत ३ मिलिमीटर आणि घेरात सुमारे १३ मिलिमीटर. ही घेराची गरज केवळ नंबर वाढवून भागवायची तर दोन नंबर वर जावं लागेल. मग लांबीत १७ मिलिमीटर वाढतील, पैकी १४ निव्वळ जास्तीचे. बूट जिथे वाकतो ती जागा चवड्याच्या पुढे सरकेल आणि उतारावर पाऊल आत घसरत राहील. त्यापेक्षा आठ नंबरचा, पण एक पायरी रुंद मापाचा बूट बघावा. नंबराने ६ आणि रुंदीने आणखी साधारण ६ मिलिमीटर घेर मिळतो, आणि उरलेला मिलिमीटरभर फरक लेस सैल करून निघतो. लांबीत साडेपाच मिलिमीटर शिल्लक राहतात, ते उतरताना बोटांच्या कामी येतात.

मूळ गादी न काढता तिच्यावरच इनसोल ठेवला असता, तर हे सगळं फसलं असतं. सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. टाच आणि कमानीपुरता, चवड्यामागे संपणारा आखूड इनसोल असेल, तर बोटांची जागा तशीच राहते आणि नंबर बदलावा लागत नाही. तिथे टाच निसटते का, एवढंच बघायचं.

आपला आकडा घरी काढता येतो. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, दोन्ही पायांवर वजन देऊन उभं राहा. दुसऱ्या कोणाला तरी शिंप्याची टेप चवड्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती घट्टसर लावायला सांगा, आधी पातळ मोज्यावर, मग जाड मोज्यावर. दोन मापांतला फरक म्हणजे मोज्याने मागितलेला घेर. इनसोलसाठी मूळ गादी आणि इनसोल शेजारी ठेवून चवड्याखालची जाडी पट्टीने मोजा आणि फरक दुप्पट करा. दोन्हींची बेरीज ६ मिलिमीटरच्या आत असेल, तर अर्धा-एक नंबर पुरतो. १० च्या पुढे गेली, तर रुंद किंवा खोल बूट शोधा.

दुकानात मोजे आणि इनसोल घेऊनच जा. आधी बुटातली गादी निघते का ते पाहा. अनेक फॉर्मल बुटांत ती चिकटवलेली असते, असा बूट इनसोलसाठी सोडून द्यावा. निघाली, तर तिच्यावर मोजा घालून उभे राहा. टाच मागच्या कडेला लागलेली असताना सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि पाऊल कडांबाहेर सांडता कामा नये. मग गादीवर इनसोल ठेवून आकार जुळवा. तो रुंद असेल, तर बुटात त्याच्या कडा वर वळतात आणि तो डुलतो. हात आत घालून चाचपलं की कळतं. कापायचा झालाच, तर फक्त पुढून, गादीचा साचा धरून. मापाने बनवून घेतलेला इनसोल मात्र बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय कापू नका.

इनसोल बसवून बूट घाला, टाच मागे ठोकून लेस बांधा आणि खाली बघा. लेसच्या दोन रांगांमध्ये बोटभर समांतर फट राहिली तर ठीक. ती वर रुंद उघडली असेल, तर जागा कमी पडते आहे; दोन्ही कडा भिडल्या, तर जागा जास्त आहे. दुकानात जिना असेल तर उतरून पाहा: बोटं पुढे आपटली तर बूट आखूड किंवा सैल आहे. चढताना टाच किंचित हलणं चालतं, सुटणं चालत नाही. पंधरा मिनिटं पायात ठेवून मग मोजा काढा. पावलावर लाल वळ, बोटांना मुंग्या किंवा गार पडलेली बोटं दिसली तर तो बूट नको. थंडीत तर नकोच: आवळलेल्या बुटात लोकरीतली हवा चेपली जाते, रक्तप्रवाह अडतो आणि जाड मोजा घालूनही पाय गारठतात.

मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी ‘लागत नाही’ या भावनेवर अजिबात विसंबू नये, कारण दाब पडत असला तरी त्यांना तो जाणवत नाही आणि जखम आधी होते. त्यांनी टेपची मापं आणि त्वचेवरचे वळ यांवरच निर्णय घ्यावा, आणि बूट घेतल्यावर तो पाय तपासणाऱ्या डॉक्टरांना इनसोलसकट दाखवावा. ऑनलाइन मागवलेला बूट घरात सतरंजीवर चालून बघावा, म्हणजे तळ मळत नाही आणि परत करता येतो. परतीची मुदत संपेपर्यंत इनसोल कापू नये.