अर्धवट ओळखीचा माणूस

गेल्या दिवाळीत फराळ आटोपल्यावर भाची लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तीन वर्षं क्वालिटीत. "मामा, जागाच निघत नाहीयेत कुठे." तिनं काय काय केलं ते दाखवलं. तिला हव्या असलेल्या एका कंपनीतल्या चाळीस जणांना एकच मजकूर गेला होता: "डिअर सर, काइंडली रेफर मी फॉर एनी सुटेबल ओपनिंग." चाळिसांपैकी एकालाही ती ओळखत नव्हती. उत्तरं दोन आली आणि दोन्हींत ‘पोर्टलवर अर्ज करा’ एवढंच होतं.

माणसं एवढी कोरडी का, असं तिला वाटत होतं. मला वाटलं, तिनं माणसंच चुकीची निवडली. पुष्कळ जागा जाहिरातीआधी ओळखीतूनच कळतात, आणि त्यासाठी कोणती माणसं निवडायची, याचा अभ्यास पन्नास वर्षांपूर्वीच झालेला आहे.

अमेरिकेत बॉस्टनजवळ न्यूटन नावाचं उपनगर आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं तिथल्या २८२ नोकरदार पुरुषांना विचारलं, की सध्याची नोकरी तुम्हाला कशी कळली? निम्म्याहून जास्त जणांना ती ओळखीतून कळली होती. यात नवल काही नव्हतं. नवल पुढच्या प्रश्नात होतं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी ५४ जणांना त्यानं विचारलं, की ज्यानं बातमी दिली तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा तरी, असं सांगणारे फक्त ९ निघाले. ३० जण म्हणाले, अधूनमधून. उरलेल्या १५ जणांची भेट वर्षाकाठी एकदा किंवा त्याहूनही कमी. १९७३ साली त्यानं यावर लिहिलेला शोधनिबंध आज समाजशास्त्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निबंधांपैकी एक आहे.

कारण अगदी साधं आहे. ज्यांच्यासोबत आपण रोज डबा खातो त्यांना साधारण आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. त्यांची माया जास्त, पण बातम्या त्याच. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या घोळक्यात वावरतो, तिथल्या गोष्टी आपल्या कानावर येण्याची वाट बहुधा तोच एक असतो. ग्रॅनोव्हेटरनं आणखी एक निरीक्षण नोंदवलं आहे. बातमी देणारा बऱ्याचदा कॉलेजातला जुना ओळखीचा किंवा पूर्वीचा सहकारी असे, आणि मूळचीही ती दोस्ती काही फार घट्ट नसे.

पण अर्धवट ओळखही किती अर्धवट असावी? याचं उत्तर २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. लिंक्डइनवर People You May Know म्हणून जी नावं सुचवली जातात, त्यांत कोणाला जवळची नावं जास्त दाखवायची आणि कोणाला लांबची, हे पाच वर्षं चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं जात होतं. दोन कोटी लोकांच्या या प्रयोगातून दिसलं, की नोकरी बदलायला सगळ्यात कमी उपयोग अगदी घट्ट ओळखींचा होतो. पण अगदी परकाही फारसा कामाचा नाही. दोघांना समाईक ओळखीचे साधारण दहा जण असावेत, अशा मधल्या अंतरावरचा माणूस सर्वांत उपयोगी. भाचीचे चाळीस जण या मोजपट्टीवर शून्यात जमा होते. आणि तिच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप दुसऱ्या टोकाला, कारण तिथे सगळेच एकमेकांना ‘कुठे आहे का रे काही?’ विचारत होते.

आता जाहिरात न झालेली जागा म्हणजे नक्की काय, ते बघू. ऐंशी टक्के नोकऱ्या ‘छुप्या’ असतात, असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा कुठल्या मोजणीतून आला, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. मुळात बहुतेक जागा कोणी लपवत नाही. त्यांची फक्त वेळ आलेली नसते. समजा एकानं पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला. त्याचा नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा. पहिल्याच दिवशी ते त्याच्या मॅनेजरला आणि टीममधल्या चौघांना कळतं. त्या जागी माणूस घ्यायचा की काम वाटून द्यायचं, यावर काही आठवडे खल चालतो. मंजुरी आली, की जागा एचआरच्या सिस्टिमवर चढते, आधी कंपनीतल्याच लोकांना विचारलं जातं, मग ‘कोणी ओळखीचं असेल तर सांगा’ अशी मेल फिरते. पोर्टलवरची जाहिरात त्यानंतरची. मंजुरी येईपर्यंत जागा फक्त त्या टीमच्या बोलण्यात असते. म्हणून एचआरला विचारून काही हाती लागत नाही, त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नसते. माहिती असते ती शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला.

तेव्हा आम्ही तिच्या कॉलेजचं लिंक्डइनवरचं पान उघडलं. तिथे Alumni असं लिहिलेलं असतं, त्यावर गेलं की माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे काम करतात, काय काम करतात यानुसार चाळता येतात. पुणे आणि क्वालिटी एवढी चाळणी लावली तरी साठेक नावं उरली. त्यातून तिनं सात ठेवली: तिच्याच शाखेची, दोन ते सहा वर्षं पुढची, आणि ज्यांच्याशी काहीतरी धागा आहे अशी. एक जण बाहाच्या टीमचा कॅप्टन होता. (विद्यार्थी स्वतः खडबडीत रस्त्याची गाडी बांधून शर्यतीत उतरवतात ती बाहा. वर्कशॉपमध्ये रात्री काढलेल्यांना हे नाव पुरतं.) त्याला तिनं लिहिलं ते असं:

"नमस्कार सर, मी २०२१ च्या बॅचची, मेकॅनिकल. तुम्ही कॅप्टन असताना जिथे बाहाची गाडी बांधली, त्याच वर्कशॉपमध्ये आम्ही नंतरची बांधली. सध्या चाकणला प्लास्टिक पार्ट्सच्या क्वालिटीत आहे, तीन वर्षं झाली. पुढे सप्लायर क्वालिटीकडे वळायचं मनात आहे. तुमच्याकडे या कामाला नवीन माणूस घेताना त्याला नेमकं काय यायला हवं असतं, एवढंच विचारायचं होतं. सवडीनं दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे, आणि नाही जमलं तरी काही हरकत नाही."

यात नोकरी मागितलेली नाही, सीव्ही जोडलेला नाही, फोन नंबर मागितलेला नाही. दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा एक प्रश्न आहे, आणि तो वाचणाऱ्यालाच नीट ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल आहे. ‘मला रेफर करा’ या वाक्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं, आणि अनोळखी माणसासाठी ‘नाही’च सोपं. मात्र ‘काय यायला हवं’ याचं उत्तर देता देता माणूस आपसूक टीममध्ये काय चाललंय ते सांगून जातो.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण, आणि त्यानंतर तो विषय बंद, असं आम्ही ठरवलं होतं. तिला हेही जड जात होतं. विनंती करणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा बरेच जास्त लोक होकार देतात, हे फ्लिन आणि लेक या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिलं आहे. पण ते समोरासमोरच्या विनंतीबद्दल. २०१७ च्या एका प्रयोगात अनोळखी लोकांना समोर जाऊन केलेली विनंती ईमेलच्या ३४ पट फळली, आणि ईमेल पाठवणाऱ्यांना मात्र दोन्ही सारखंच चालेल असं वाटत होतं. कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला भाषणं ऐकायला जायची गरज नाही, पण चहाच्या रांगेत उभं राहायला जरूर जावं.

सातांपैकी तिघांनी लिहिलं. एकीनं ‘शुभेच्छा’ दिल्या. दुसऱ्यानं कोणती कागदपत्रं स्वतः करून बघितलेली असावीत, त्याची यादी पाठवली. बाहाच्या कॅप्टननं मात्र शेवटी एक ओळ टाकली: आमच्या नाशिकच्या प्लांटमधल्या मुलानं पेपर टाकलाय, डिसेंबरअखेर सुटेल, अजून वर काही गेलेलं नाही.

भाचीचा हात लगेच कंपनीच्या पोर्टलकडे गेला, तो मी धरला. अनेक कंपन्यांत असा नियम असतो, की उमेदवाराचं नाव आधीच सिस्टिममध्ये असेल, मग ते पोर्टलवरून आलेलं असो की एखाद्या कन्सल्टंटनं टाकलेलं असो, तर पुढचे काही महिने कर्मचाऱ्यानं दिलेलं रेफरल धरलं जात नाही. म्हणजे उत्साहाच्या भरात दाबलेलं एक बटण त्याच्या हातातली वाट बंद करू शकतं. अर्ज करण्याआधी विचारायचं, करून झाल्यावर नाही.

तिनं विचारलं. तो हो म्हणाला, पण आधी एक मागितलं: ग्राहकाकडून परत आलेल्या एखाद्या मालाचं कारण तू कसं शोधलंस, ते एका पानात लिहून पाठव. तिला अपमान वाटला. मला तो माणूस बरा वाटला. कोलकात्यात बीमन आणि मॅग्रूडर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग आहे. लोकांना एका तात्पुरत्या कामावर घेतलं आणि सांगितलं, की तुमच्या ओळखीचं कोणी आणा, पैसे मिळतील. नुसतं आणण्याचे ठरावीक पैसे असले, की लोक नातेवाईक आणत. आणलेल्या माणसानं काम कसं केलं यावर पैसे ठरले, की नातेवाईक मागे पडले आणि सहकारी पुढे आले. रेफर करणाऱ्याचं स्वतःचं काही पणाला लागलं, की तो पारखून घेतो. ते एक पान मागणारा माणूस तुमचं नाव सांगताना बोलूही शकतो. न वाचता सीव्ही पुढे ढकलणाऱ्याचं रेफरल सिस्टिममध्ये एक खूण करून जातं, बाकी काही नाही.

या वाटेला मोठी खोट आहे, तीही सांगायला हवी. ग्रॅनोव्हेटरच्या यादीत सगळे पुरुष होते. मलावीत झालेल्या एका प्रयोगात पुरुषांना ‘कोणालाही सुचवा’ म्हटल्यावर त्यांनी बहुतेक पुरुषच सुचवले. ‘बाईच सुचवा’ म्हटल्यावर त्यांना लायक बायका सापडल्याही. भाचीच्या सात नावांत बाई एकच होती. ज्याच्या कॉलेजातून त्या धंद्यात कोणी गेलंच नाही, त्याच्यासाठी Alumni चं पान रिकामंच. त्यानं जुन्या कंपनीतून सुटून गेलेल्यांची यादी करावी, तीही तितक्याच अंतरावरची माणसं असतात. आणि सरकारी भरतीला यातलं काही लागू नाही. तिथे जाहिरात हाच रस्ता, आणि ‘आत ओळख आहे’ म्हणून पैसे मागणारा फसवतोय असंच धरावं.

नाशिकची जागा तिला मिळाली नाही. मुलाखत झाली, पण प्लांटमधल्याच एकाला तिथे हलवलं. तिनं कॅप्टनला तीन ओळी लिहिल्या: काय विचारलं, कुठे अडले, आभार. मार्चमध्ये त्याचाच फोन आला.

"वाळूजला एक जण निघतोय. सीव्ही तोच आहे की काही बदल केलास?"