शिक्का झेरॉक्समध्येही टिकला पाहिजे

बेळगाव काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली, त्या दिवसांत खानापूर भागातल्या एका कुटुंबाच्या ग्रुपवर एक फोटो फिरत होता. खादीची टोपी घातलेल्या स्वयंसेवकांची रांग, आणि तिसऱ्या मुलाखाली कुणीतरी लिहिलेलं : 'आपले आजोबा, १९२४'. तो मुलगा आजोबा नव्हताच. शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी नववीतल्या नातवाचा चेहरा एका जुन्या फोटोवर बसवला होता. मुलांनी ते लपवलंही नव्हतं. खाली कोपऱ्यात बारीक लाल अक्षरांत 'चेहरा बदललेला' असा शिक्का होता. पण फोटो चार ठिकाणी फिरेपर्यंत ती ओळ वाचण्यासारखी राहिली नाही.

प्रकल्पाची कल्पना मला मनापासून आवडली. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ला टिळकवाडीत भरलेलं ते अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी त्याची उभारणी केली, ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलाची पोरं तिथं राबली, आणि पाण्यासाठी खणलेली विहीर आजही टिळकवाडीत बघायला मिळते. त्या गर्दीत आपण असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न मुलाला स्वतःचा चेहरा तिथं दिसला की खरा वाटू लागतो. मुलांनी प्रसंगही योग्य निवडला. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला फाशी झाली १८३१ साली, आणि छायाचित्रणाची कला जगापुढं आली १८३९मध्ये. रायण्णाचा 'जुना फोटो' म्हणून जे येतं ते चित्रच असणार. १९२४चे मात्र खरे फोटो आहेत, आणि म्हणूनच बदललेला फोटो त्यांच्यात सहज मिसळून जातो. आपल्या सीमाभागात तर जुना फोटो पुरावा म्हणून पुढं केला जातो.

चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर करतं काय, ते थोडक्यात सांगतो. ते दोन्ही चेहऱ्यांवर डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठांच्या कडा असे बिंदू शोधतं. नातवाच्या फोटोवरून 'हा माणूस कोण' हे सांगणारी काहीशे आकड्यांची यादी काढतं. मग मूळ स्वयंसेवकाची मान, नजर, प्रकाश तसाच ठेवून त्या यादीला जुळणारा चेहरा नव्यानं रंगवतं आणि कडा पुसट करून चिकटवतं. हा नवा चेहरा बऱ्याचदा लहान आकारात तयार होऊन मग ताणलेला असतो, त्यामुळं तो गुळगुळीत दिसतो. जुन्या फोटोवर मात्र सगळीकडं चांदीच्या कणांची खरखर असते. मूळ फाइल मोठी करून पाहिली तर खरखरीच्या मधोमध एक गुळगुळीत लंबगोल उठून दिसतो.

'नीट बघितलं की खोटा चेहरा कळतो' असं लोक छातीठोकपणे सांगतात ते याच खुणेच्या भरवशावर. पण फॉरवर्ड केल्यावर ही खूण उरत नाही, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे.

फोटो पाठवताना फोन त्याचं जेपेग पुन्हा बनवतो. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करतं आणि प्रत्येकातला बारीक चढउतार ढोबळ आकड्यांत बसवतं. फारच बारीक असेल तर शून्य धरतं. चांदीच्या कणांची खरखर म्हणजे नेमका हाच बारीक चढउतार. ती सगळ्या फोटोतून जाते, आणि आसपासही नातवाच्या चेहऱ्याइतकंच गुळगुळीत होतं. 'एआयनं बनवलेलं ओळखून देऊ' म्हणणाऱ्या अ‍ॅपांची जाहिरात जोरात असते, पण अशा धुतलेल्या फोटोवर त्यांचा निकाल मी कुणाच्या आजोबांबद्दल मानणार नाही.

आता त्या लाल अक्षरांचं काय झालं ते पाहू. जेपेग चित्राचे दोन भाग करतं : उजेड आणि रंग. आपला डोळा उजेडातले बारकावे टिपतो, रंगातले तितके नाही. म्हणून उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, पण रंग बहुतेक वेळा चार पिक्सेलना मिळून एकच. उजेड काढताना लाल साधारण ३० टक्के, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के धरतात. काळा शून्य आणि पांढरा २५५ धरला, तर भडक लाल अक्षराचा उजेड येतो फक्त ७६. जुन्या फोटोतल्या गडद कोटाचा किंवा सावलीतल्या जमिनीचा उजेडही तिथंच कुठंतरी असतो. म्हणजे अक्षर आणि मागची जागा यांच्यात उजेडाचा फरकच नाही. सगळा फरक रंगात, आणि रंग तर चार-चार पिक्सेलांत विरघळलेला. पिवळ्याची गंमत उलटी. त्याचा उजेड २२६, म्हणजे जवळपास धुतलेल्या खादीइतका. खादीवर पिवळं लिहिलं आणि प्रकल्पाची झेरॉक्स काढली, तर रंग जातो आणि अक्षरही जातं.

आकाराचाही हिशोब बघा. स्कॅन ३२०० पिक्सेल रुंद होता आणि अक्षराची रेघ ४ पिक्सेल जाड. १०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर कुणी त्याचा स्क्रीनशॉट घेतला की ती रेघ दीड पिक्सेलसुद्धा उरत नाही. शिरोरेषा एकवेळ तग धरते, 'चे'वरच्या मात्रेसारख्या बारीक रेघा आधी जातात.

म्हणून शिक्का काळ्या पट्टीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत हवा. अक्षरांची उंची फोटोच्या रुंदीच्या विसाव्या भागाएवढी ठेवा. ३२०० पिक्सेलच्या फोटोत १६०, म्हणजे स्क्रीनशॉटमध्येही ५४ उरतात. फाइलच्या आत दडलेल्या माहितीत 'बदललेला फोटो' अशी नोंद करायला हरकत नाही, पण ती फॉरवर्ड करताना सहसा गळून पडते आणि स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही. मजकूर फक्त 'कल्पनाचित्र' नको, कारण त्यातून काय बदललं ते समजत नाही. 'चेहरा बदललेला, शालेय प्रकल्प २०२४' असं लिहा, आणि तेच कन्नडमध्येही. बेळगावात फोटो कुणाच्या फोनवर जाईल हे भाषा बघून ठरत नाही.

जागा निवडणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तळाची पट्टी एका बोटाच्या झटक्यात कापली जाते. पट्टी मुलाच्या छातीवरून सुरू करून शेजारच्या मूळ माणसांच्या खांद्यांपर्यंत न्यावी, चेहरे मोकळे ठेवून. मग ज्या तुकड्यात मुलगा आणि शेजारची माणसं खांद्यापर्यंत येतील, त्यात शिक्काही येतोच. फक्त चेहरे कापून घेतले तर शिक्का निसटेल, पण तेव्हा मंडप, रांग, गणवेश, म्हणजे १९२४ची ओळख पटवणारं बरंच काही त्याच्याबरोबर जातं. चेहरा बसवायचा तोही अनामिक स्वयंसेवकावर; गांधीजींच्या किंवा नाव माहीत असलेल्या कुणाच्या जागी नाही.

प्रदर्शनाआधी चाचणी अशी : फोटो एकाला पाठवा, त्यानं स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याला पाठवावा, तिथून काळीपांढरी प्रिंट आणि त्या प्रिंटची झेरॉक्स. ती हातभर अंतरावरून आजीला वाचता आली तर शिक्का पास. यानं निष्काळजीपणाला आळा बसतो, लबाडीला नाही. ठरवून पट्टी पुसून टाकणारी साधनं आता फोनमध्येच आली आहेत. त्यासाठी न बदललेला मूळ फोटो, तो कुठून मिळाला याच्या नोंदीसह, शाळेच्या प्रकल्पवहीत बदललेल्या फोटोच्या समोरच्या पानावर चिकटवून ठेवावा.